तक्रारीआधीचे कागद

ग्राहक आयोगात तक्रार कशी करावी हे सांगणाऱ्या चित्रफिती बहुतेक कायद्यापासून सुरू होतात. ग्राहक म्हणजे कोण, त्याचे हक्क कोणते, आयोग किती पायऱ्यांचे, हे सगळे होईपर्यंत बघणारा उठून गेलेला असतो. ही चित्रफीत एका बिलापासून सुरू होते. पडद्यावर बिल येते आणि बाण एकेका रकान्यावर सरकत जातो. दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांक, तारीख, मॉडेल, रक्कम. फ्रिजचा सीरियल नंबर जिथे हवा होता, ती जागा मात्र रिकामी. निवेदिका तिथे थांबते आणि सांगते, हा नंबर आजच दुकानातून लिहून आणि शिक्का मारून घ्या, कारण पुढे कंपनी विचारू शकते, "हा फ्रिज त्याच बिलातला कशावरून?"

ही सुरुवात मला पटली. ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की, माणूस आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या प्रकरणाचे बरेचसे ठरून गेलेले असते. तक्रार अर्ज चांगला लिहिता येतो, कलमे शोधता येतात, शपथपत्रही करता येते. पण ऑगस्टात आलेल्या तंत्रज्ञाकडून जो कागद घेतला नाही, तो फेब्रुवारीत तयार करता येत नाही. ही चित्रफीत त्या ऑगस्टवर आणि त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांवर रेंगाळते, आणि आयोगातल्या कामाकडे त्या मानाने उशिरा वळते. तिची मांडणी का योग्य आहे आणि ती कशी पाहावी, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

उदाहरण रचलेले आहे, पण त्यातला एकेक तुकडा ओळखीचा आहे. फलटणच्या एक बाई, चित्रफितीत त्यांना नुसते 'ताई' म्हटले आहे, 12 एप्रिल 2024 रोजी बारामतीच्या दुकानातून 38,400 रुपयांचा फ्रिज घेतात. वॉरंटी पूर्ण फ्रिजवर एक वर्ष, कॉम्प्रेसरवर दहा वर्षे. 3 ऑगस्टला फ्रिज थंड करायचा थांबतो. तंत्रज्ञ 5 ऑगस्टला येऊन गॅस भरून जातो. 20 सप्टेंबरला तेच दुखणे. या वेळी तंत्रज्ञ 23 तारखेला एक सर्किट बोर्ड बदलतो. 11 नोव्हेंबरला तिसऱ्यांदा फ्रिज बंद, 14 ला तिसरी भेट, आणि 25 नोव्हेंबरला कंपनीचा ईमेल: विजेच्या दाबातील चढउतारामुळे कॉम्प्रेसर निकामी झाला आहे, सबब वॉरंटी लागू नाही, दुरुस्तीचा खर्च 9,800 रुपये. घरात ताईंच्या यजमानांचे इन्सुलिन असते. ते शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि रोज दोनदा आणायला जावे लागते.

चित्रफितीत ही गोष्ट पडद्याच्या डाव्या बाजूला चालते, आणि उजव्या कडेला एक यादी हळूहळू भरत जाते. कोर्टाच्या भाषेत हिला कागदयादी म्हणतात. सर्वसाधारणपणे अशी यादी शेवटी एकदम दाखवतात: बिल, वॉरंटी कार्ड, पत्रव्यवहार, ओळखपत्र. बघणारा तिचा फोटो काढतो आणि घरी जाऊन शोधाशोध करतो. इथे ज्या प्रसंगी कागद जन्माला यायला हवा, त्याच प्रसंगी यादीत त्याची ओळ उमटते, आणि तो हातात आला तरच तिच्यापुढे बरोबरची खूण होते. नाही आला तर लाल चौकट तशीच राहते. सप्टेंबरच्या भेटीपुढची चौकट शेवटपर्यंत लाल आहे. चित्रफीत करणाऱ्यांनी ती मुद्दाम तशी ठेवली, हे मला विशेष आवडले. कारण सगळे कागद जागच्या जागी असलेले प्रकरण मी तरी क्वचितच पाहिले आहे.

त्या लाल चौकटीची हकिगत थोडी सविस्तर सांगतो. पहिल्या भेटीत तंत्रज्ञाने छापील जॉबशीट भरले आणि त्याची प्रत ताईंना दिली. त्यावर तक्रार क्रमांक, 'नो कूलिंग' असा शेरा, 'गॅस चार्ज केला' अशी नोंद आणि खाली एका छोट्या रकान्यात व्होल्टेज 226 असा आकडा. दुसऱ्या भेटीत कागद नव्हता. तंत्रज्ञ म्हणाला, "आता सगळं ऑनलाइन झालंय, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल तो सांगा." ताईंनी सांगितला. त्या एका ओटीपीने कंपनीच्या संगणकात काय नोंदले गेले? तर तक्रार निकाली, ग्राहक समाधानी. काय बिघडले होते, कोणता भाग बदलला, यातले ताईंच्या हाती काहीच आले नाही. फ्रिज त्या घडीला चालू होता, म्हणून त्यांनी ओटीपी दिला. त्यात त्यांचे चुकले असेही म्हणवत नाही. पण आयोगापुढे कंपनी हीच नोंद काढून दाखवते.

यावर चित्रफितीतला उपाय अगदी साधा आहे. ओटीपी देण्यापूर्वी तंत्रज्ञाच्या मोबाइलवरच्या नोंदीचा फोटो घ्यायचा. आणि त्याच संध्याकाळी कंपनीच्या तक्रार विभागाला चार ओळींचा ईमेल करायचा: आज अमुक तक्रार क्रमांकासंदर्भात आपला तंत्रज्ञ आला, त्याने अमुक भाग बदलला, बिघाड पूर्वीचाच आहे, जॉबशीटची प्रत मिळाली नाही ती पाठवावी. कंपनी उत्तर देवो न देवो, आपल्या बाजूने त्या तारखेची नोंद तयार झाली. ताईंनी असा ईमेल केला, पण तो तिसऱ्या भेटीनंतर. म्हणून चौकट लाल, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत 'प्रत मागितल्याचा ईमेल, 15 नोव्हेंबर' अशी ओळ. मागूनही प्रत दिली नाही, हे सिद्ध झाले तरी ते ताईंच्या बाजूचेच आहे.

आता त्या 226 कडे परत येऊ. घरगुती वीज 230 व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे 226 हा आकडा अगदी ठीक आहे. तिसऱ्या भेटीच्या जॉबशीटवर 231 आहे. कंपनीचा ईमेल मात्र 'चढउतार' म्हणतो, आणि कोणत्या दिवशी, किती, कोणी मोजले, याचा त्यात एक शब्द नाही. म्हणजे कंपनीच्या बचावाला कंपनीच्याच माणसाने लिहून ठेवलेला कागद आडवा येतो. या जागी चित्रफीत दोन्ही कागद पडद्यावर शेजारी शेजारी ठेवते आणि काही क्षण बोलतही नाही. ताईंनी पहिले जॉबशीट फ्रिजवरच्या टोपलीत टाकून दिले असते, तर त्यांच्याकडे कंपनीच्या विधानापुढे ठेवायला स्वतःच्या शब्दापलीकडे काही राहिले नसते. शेजारी वॉरंटी कार्डही पाहायला सांगितले आहे. स्टॅबिलायझर लावणे ही वॉरंटीची अट म्हणून छापलेली आहे का, हे आधी पाहून घ्यावे. असेल तर उत्तर वेगळे तयार करावे लागते.

वस्तूतल्या दोषाच्या तक्रारीत सामनेवाल्यांचा एक ठरलेला आक्षेप असतो: उत्पादनात दोष असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे? या एका मुद्द्यावर तक्रारी फेटाळल्या गेल्याची उदाहरणे आहेत. कायद्याने यासाठी वाट ठेवली आहे. तपासणी केल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तपासणीची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेतो. पण फ्रिजसारख्या वस्तूत दर वेळी तितके जावे लागत नाही. वॉरंटीच्या काळात तोच बिघाड पुन्हा पुन्हा झाला आणि कंपनीच्याच माणसांनी तो पुन्हा पुन्हा दुरुस्त केला, हे जॉबशीटवरून दिसले, की दोषाचा निष्कर्ष काढायला आयोगाला आधार मिळतो. तंत्रज्ञाच्या गिचमिड अक्षरातल्या त्या कागदाला एवढे महत्त्व आहे, ते यामुळे.

बिलाबद्दल दोन गोष्टी चित्रफितीत येतात त्या नीट ऐकाव्यात. पहिली, दुकानातल्या यंत्रावर गुळगुळीत कागदाचे जे बिल निघते त्याची शाई उडते. उन्हाळाभर पाकिटात राहिलेले बिल वर्षाने कोरे निघते. घरी आल्या आल्या त्याची झेरॉक्स काढावी. दुसरी, "बिल फर्मच्या नावावर करा, जीएसटीचं क्रेडिट मिळेल" असा सल्ला काउंटरवर सर्रास दिला जातो. घरच्या फ्रिजचे बिल किराणा दुकानाच्या नावावर केले, की पुढे आक्षेप येतो, की वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली, सबब तुम्ही ग्राहकच नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, पण ती सिद्ध करत बसण्यापेक्षा घरच्या वस्तूचे बिल घरच्या माणसाच्या नावावर असलेले बरे.

सामनेवाला कोण, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. फ्रिजवर जे नाव चमकते ते बहुधा ब्रँडचे असते, कंपनीचे नव्हे. ब्रँडच्या नावाने आणि जाहिरातीतल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत येते आणि दोन-तीन तारखा त्यातच जातात. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत कंपनीचे पूर्ण नाव आणि नोंदणीकृत कार्यालय दिलेले असते, ते अक्षरशः उतरवून घ्यावे. दुकानाचे तसेच आहे. पाटीवर एक नाव, बिलावर दुसरे, मालकाचे तिसरेच. बिलावरचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक gst.gov.in वर टाकला, की नोंदणीतले कायदेशीर नाव समोर येते. चित्रफितीत हे करून दाखवले आहे. ताईंच्या तक्रारीत सामनेवाले तीन आहेत: दुकान, कंपनी आणि अधिकृत सेवा केंद्र. दुकानदार "आम्ही फक्त विकतो" म्हणणारच, पण पैसे त्याने घेतले आहेत. त्याला वगळले, तर कंपनी दुकानाकडे बोट दाखवायला मोकळी राहते.

मराठी वाचकाने इथे एक लक्षात ठेवावे. आपापल्या जिल्ह्यातले निकाल वाचताना कुठे 'जाबदेणार', कुठे 'विरुद्ध पक्ष', तर मराठवाड्याकडे 'गैरअर्जदार' असे शब्द दिसतील. सगळे एकच. अर्ज मराठीत करता येतो, आणि ज्याला जी भाषा येते त्याने त्याच भाषेत लिहावा. इंटरनेटवरून उतरवलेल्या इंग्रजी नमुन्यात नावे भरून आणलेले अर्ज मी पाहतो, तेव्हा अर्जदाराला स्वतःच्या अर्जात काय लिहिले आहे ते सांगता येत नाही.

तक्रार साताऱ्यात की पुण्यात? दुकान बारामतीचे, म्हणजे पुणे जिल्ह्यातले. ताई फलटणच्या, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या. कंपनीचे कार्यालय राज्याबाहेर. 1986 च्या कायद्यात सामनेवाला जिथे असेल किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल तिथे जावे लागे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तिथल्या आयोगाकडेही दाद मागण्याची मुभा दिली. त्यामुळे सातारा जिल्हा आयोग चालतो, आणि कागदयादीत रहिवासाचा पुरावा येतो तो याच कारणाने. वस्तूसाठी दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे, दोन कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे, त्यावर राष्ट्रीय आयोगाकडे. हे आकडे डिसेंबर 2021 च्या नियमांतले आहेत. जुन्या पुस्तकांत वेगळे सापडतील. मोजायची ती दिलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही. ताईंना 38,400 च्या फ्रिजसाठी एक रुपयाही शुल्क भरावे लागत नाही.

हेल्पलाइनचा भाग चित्रफितीत जरा लांबला आहे, असे माझे मत आहे. 1915 वर फोन करावा, जरूर करावा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात, आणि मिळालेला नोंदणी क्रमांक कागदयादीत घालता येतो. पण ती मध्यस्थी आहे, तिला आदेश देता येत नाही. कंपनीने पूर्वीचेच उत्तर पुन्हा पाठवले, की ती वाट संपते. ताईंच्या बाबतीत 2 डिसेंबरला केलेल्या तक्रारीवर नेमके तेच झाले. लोक मात्र "हेल्पलाइनला केलंय, बघू" म्हणून महिनोन् महिने थांबतात.

हे थांबणे महाग पडते, कारण मुदत चालूच असते. तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. कारण कधी घडले यावर वकील वाद घालू शकतात. पहिला बिघाड, शेवटचा बिघाड की कंपनीचा नकार? तुम्ही त्या वादात पडू नका, पहिल्या बिघाडापासून मोजा. ताईंसाठी ती तारीख 3 ऑगस्ट 2024, म्हणजे 3 ऑगस्ट 2026 च्या आत दाखल करायची. मधल्या काळात तुम्ही किती ईमेल केले, किती स्मरणपत्रे पाठवली, नोटीस कधी दिली, याने ही मुदत वाढत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात सबळ कारण दाखवावे लागते, आणि "कंपनी आश्वासनं देत होती" हे कारण प्रत्येक वेळी पुरेसे ठरत नाही.

नोटीस पाठवणे कायद्याने सक्तीचे नाही, वकिलाकडूनच पाठवली पाहिजे असेही नाही. तरी ती पाठवावी, कारण तीत संपूर्ण हकिगत प्रथमच एका जागी, तारखांनिशी येते आणि तिला उत्तर न देणे हेही एक उत्तर असते. ताईंची नोटीस 16 डिसेंबरची आहे, हाताने लिहिलेली, दीड पानाची. तीत कुठेही 'फसवणूक', 'लुबाडणूक', 'कोर्टात खेचीन' नाही. काय घेतले, काय झाले, काय हवे, किती दिवसांत हवे. तिन्ही सामनेवाल्यांना पोस्टाने पाठवली. तेव्हा रजिस्टर पोस्ट होते. सप्टेंबर 2025 पासून ती सेवा स्पीड पोस्टात मिळवली गेली आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टाने पाठवून पोच मागावी. पोस्टाच्या संकेतस्थळावर 'वितरित' अशी नोंद दिसते ती कायम राहत नाही. दिसली त्याच दिवशी छापून घ्यावी. पावती आणि ही छापील नोंद, दोन्ही मिळून नोटीस पोचल्याचा पुरावा होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट आता प्रत्येकाकडे असतात. त्यात समोरच्याचा नंबर आणि तारीख दिसायला हवी. जतन केलेले नाव 'फ्रिजवाला' असे दिसत असेल, तर ते कोणाचे हे कसे कळणार? छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडावे. फोनवर झालेल्या बोलण्यावर शक्यतो अवलंबून राहू नये. बोलणे झाल्यावर "आपण आत्ता फोनवर असे म्हणालात" असा संदेश पाठवून ठेवला, तर काम भागते.

आता तक्रार अर्ज. चित्रफितीतला हा भाग थांबवून, पुन्हा मागे नेऊन पाहण्यासारखा आहे. ताईंच्या अर्जात परिच्छेदांना क्रमांक आहेत आणि प्रत्येक परिच्छेदात एकच घटना आहे. शेवटी कंसात पान क्रमांक. "दि. 5 ऑगस्ट 2024 रोजी सामनेवाला क्र. 3 यांचा तंत्रज्ञ आला व त्याने गॅस भरला. त्या वेळी विजेचा दाब 226 व्होल्ट असल्याची नोंद त्याने केली आहे (पान 7)." एवढेच. ज्या वाक्यापुढे पान क्रमांक लिहिता येत नाही, ते वाक्य पडद्यावर पिवळे होते, आणि निवेदिका विचारते, याला आधार काय? कधी उत्तर शपथपत्रातले तक्रारदाराचे स्वतःचे निवेदन असे असते, आणि ते चालते. इन्सुलिन शेजारी ठेवावे लागले, हे ताई स्वतः शपथेवर सांगू शकतात. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, की 'मानसिक त्रास' हे शब्द मोघम राहत नाहीत. पण "सामनेवाल्यांनी संगनमताने ग्राहकांना लुटण्याचे रॅकेट चालवले आहे" या वाक्याला कोणतेच पान नसते. ते खोडावे.

मागण्यांबद्दलही तेच. ताई 38,400 रुपये व्याजासह परत मागतात, किंवा पर्याय म्हणून नवा फ्रिज. त्रासाबद्दल 10,000 आणि खर्चाबद्दल 5,000. फ्रिजच्या प्रकरणात पाच लाखांची मागणी करणारे अर्ज येतात. त्याने शुल्क वाढत नाही, म्हणून लोकांना वाटते की मागायला काय जाते. जाते असे, की अर्ज वाचणाऱ्याचा बाकीच्या मजकुरावरचा विश्वास कमी होतो. आयोग व्याज देतात ते साधारण सहा ते नऊ टक्क्यांच्या घरात, आणि त्रासाची रक्कम वस्तूच्या किमतीशी ताळमेळ ठेवून.

ताईंचा अर्ज 10 फेब्रुवारी 2025 ला दाखल होतो. आता हे काम e-jagriti.gov.in वरून घरबसल्या करता येते. पूर्वीच्या ई-दाखिल व्यवस्थेच्या जागी 2025 च्या सुरुवातीपासून हे संकेतस्थळ आले. छाननीत त्रुटी निघाल्या, पान अस्पष्ट, शपथपत्रावर सही नाही, तर त्या दुरुस्त करून द्याव्या लागतात, आणि इथेच बरीच प्रकरणे आठवडेच्या आठवडे पडून राहतात, कारण अर्जदार पुन्हा संकेतस्थळ उघडूनच पाहत नाही. अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही हे आयोगाने सर्वसाधारणपणे 21 दिवसांत ठरवायचे असते, आणि अर्जदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय तो फेटाळता येत नाही.

नोटीस आणि तक्रारीची प्रत मिळाल्यापासून सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये सांगितले, की 45 दिवसांपुढे आयोगाला मुदत वाढवताच येत नाही. तक्रारदाराने सामनेवाल्याला नोटीस कोणत्या तारखेला पोचली हे म्हणूनच टिपून ठेवावे. 46 व्या दिवशी जबाब आला, तर तो घेऊ नये असा अर्ज देता येतो. सामनेवाल्याचे वकील पुढची तारीख मागत असताना गप्प बसलेल्या तक्रारदाराला हा मुद्दा नंतर सुचून उपयोग नाही.

जबाबानंतर पुराव्याचे शपथपत्र द्यायचे असते. इथे बरेच जण 'तक्रार अर्ज हाच पुरावा समजावा' अशी पुरसिस देऊन मोकळे होतात. चालते, पण जबाबात कंपनीने जे नवे सांगितले, त्याला उत्तर राहून जाते. ताई तसे करत नाहीत. व्होल्टेजबद्दलच्या विधानाला त्या दोन्ही जॉबशीटचे आकडे देऊन उत्तर देतात, तेही एका परिच्छेदात. आणि तारखेला हजर राहतात. दृक्-श्राव्य माध्यमातून सुनावणीसाठी अर्ज करता येतो. गैरहजेरीत तक्रार काढून टाकली गेली, तर जिल्हा आयोगाला तो स्वतःचाच आदेश मागे घेता येत नाही. मग त्या एका चुकलेल्या तारखेसाठी राज्य आयोगात अपील करावे लागते.

किती वेळ लागतो? कायदा तीन महिने म्हणतो, तपासणी असेल तर पाच. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याहून पुष्कळ जास्त लागतो. अध्यक्ष आणि सदस्यांची पदे रिकामी राहतात, तारखा पडत जातात. चित्रफितीत ताईंच्या बाजूने आदेश होतो तिथे ती संपली असती, तर मी ही प्रस्तावना लिहिली नसती. आदेशानंतर कंपनी 45 दिवसांत अपील करू शकते, पण त्यासाठी तिला आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असे झाले, तर दरखास्त दाखल करायची. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा 25 हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दरखास्तीची नोटीस निघाली, की बहुतेक कंपन्यांचा धनाकर्ष येतो.

या चित्रफितीला मर्यादा आहेत. डॉक्टरांचा हलगर्जीपणा, नाकारलेला विमा दावा, रखडलेली सदनिका, यांचे कागद निराळे, आणि काही बाबतींत दारेही निराळी: विम्यासाठी लोकपाल आहे, घरांसाठी महारेरा. फ्रिजची कागदयादी तिकडे तशीच चालणार नाही.

एक विनंती. ही चित्रफीत सलग पाहू नका. बिल पडद्यावर आले, की थांबवा आणि तुमचे बिल काढा. जॉबशीट आले, की तुमचे काढा. जे सापडत नाही त्यासाठी त्याच दिवशी ईमेल करा. आणि तुमच्या वस्तूच्या पहिल्या बिघाडाला दीड वर्ष उलटून गेले असेल, तर चित्रफीत, हेल्पलाइन, नोटीस हे सगळे बाजूला ठेवून आधी अर्ज दाखल करा. नोटीस नसली तरी तक्रार चालते. मुदत टळली, तर विलंबाचे सबळ कारण दाखवल्याशिवाय ती दाखलच होत नाही.